लिहिल्याप्रमाणे सूर्योदय

मिस्त्रींचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर त्यांनी आयुष्यात लावला नाही. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाच्या पाठीतच गजर बसवलेला असतो. चारला पाठ दुखायला लागते, उभं राहिलं की थांबते. काम सोडून दोन वर्षं झाली होती, पण पाठीला ते कुणी कळवलं नव्हतं.

लोक त्यांना मागे ‘ओळंबा’ म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंतीपाशी धरलं की भिंत सरळ आहे की नाही ते सांगतं, आणि भिंतीला काय वाटेल याचा विचार करत नाही. मिस्त्रींचंही तसंच होतं. दुसऱ्याच्या लग्नाला गेले तरी आधी मांडवाचे खांब बघायचे. तोंडावर मात्र सगळे ‘मिस्त्री’च म्हणत.

राहत्या घराला लागून त्यांनी दोन खोल्या स्वतःच्या हातांनी बांधल्या होत्या. नऊ इंची भिंती, वर स्लॅब. सुट्टीच्या दिवशी बांधायचे, उरलेल्या सहा दिवशी लोकांची घरं. खोल्या पुऱ्या व्हायला अकरा वर्षं लागली. तोवर ज्या मुलासाठी बांधल्या तो मोठा होऊन सिमेंटच्या डेपोत टेम्पोवर लागला आणि बायकोसह डेपोच्या जवळ राहायला गेला. खोल्या रिकाम्या राहिल्या.

त्यात शहरातली माणसं शनिवार-रविवारी गावोगाव फिरायला लागली आणि कुणाच्याही घरी पैसे देऊन राहू लागली. याला होमस्टे म्हणतात हे मिस्त्रींच्या बायकोला आधी कळलं. ती म्हणाली, “पाहुणे येणार, वर पैसे देणार, आणि जाताना आपल्या घराला नावं ठेवायला त्यांना चार दिवस थांबावं लागणार नाही, तिथल्या तिथे फोनवर लिहिणार. नातेवाइकांपेक्षा बरंच आहे की.”

पाटी लागली. गाद्या आल्या. पाहुणे काही आले नाहीत.

चार महिने झाल्यावर मुलगा एका रविवारी आला. चहा घेऊन झाला तरी बोलेना, तेव्हा आईने ओळखलं.

“बोल एकदाचं. कप पुसून निघेल इतका फिरवलास.”

“डेपोच्या शेटना गोदाम हवंय,” मुलगा म्हणाला. “आपल्या दोन खोल्या त्यांना आवडल्यात. पोती राहतील. पोत्यांना चादर लागत नाही, नाश्ता लागत नाही.”

“पोती भिंतीला टेकवून ठेवतात,” मिस्त्री म्हणाले. “भिंत ओल धरते.”

“बाबा, रिकाम्या खोलीतही ओल धरतेच.”

हे खरं होतं. शेवटी ठरलं ते असं: महिनाअखेरपर्यंत तीन बुकिंग आली तर खोल्या पाहुण्यांच्या. नाही आली तर पोत्यांच्या. मुलाने तसं शेटना कळवलं. शेट म्हणाले म्हणे, “तीन? मग मी पोती भरायलाच घेतो.”

मिस्त्रींची भाची व्हिडिओच्या जाहिराती लिहायची. दातांचे दवाखाने, फर्निचरची दुकानं, एकदा एक स्मशानाला लाकूड पुरवणाराही तिच्याकडे आला होता. मामीने तिला बोलावून घेतलं. पोरगी भली. म्हणाली, “मामी, घरचंच काम आहे. दोन मिनिटांचा व्हिडिओ करू. आधी स्क्रिप्ट पाठवते, मामांना वाचायला द्या.”

स्क्रिप्टचे कागद आले. पानाच्या मधोमध रेघ. रेघेच्या डावीकडे काय दिसणार ते, उजवीकडे काय बोलायचं ते. आधी घराचा रस्ता, मग दार, मग खोली एक, खोली दोन, न्हाणीघर, जेवण, आजूबाजूचा परिसर, शेवटी शहरापासून किती तासांवर आणि फोन नंबर. प्रत्येक तुकड्यासमोर सेकंद लिहिलेले.

मिस्त्रींना हा कागद आवडला. त्यांनी आयुष्यभर असेच कागद बघितले होते. नकाशावर काढलंय ते जागेवर उभं करायचं, एवढाच त्यांचा धंदा. खिसा चाचपून त्यांनी पेन्सिल काढली आणि कागद ओट्यावर पसरून एकेक ओळ तपासायला घेतली, जसं एखाद्या नवशिक्या इंजिनिअरचं काम तपासावं.

तपासणीत बरीच पडझड झाली.

‘घरामागे खळाळता झरा.’ घरामागे गटार होतं. बऱ्यापैकी वाहतं होतं, पण झरा नव्हता. काट.

‘पक्ष्यांच्या किलबिलाटाने जाग येते.’ कावळे होते. बायको म्हणाली, “कावळाही पक्षीच आहे.” मिस्त्री म्हणाले, “किलबिल करत नाही.” काट.

‘मामींच्या हातची चव जिभेवर रेंगाळते.’ ही ओळ बायकोनेच काटली. म्हणाली, “जिभेवर रेंगाळली म्हणजे मीठ जास्त झालं. सरळ लिहा, पोटभर वाढते आणि परत विचारते.”

मग आली खोली दोनची ओळ. डावीकडे लिहिलं होतं: पलंग, खिडकी, कोवळं ऊन. उजवीकडे: ‘आणि इथे, पलंगावर पडल्या पडल्या, डोळ्यांसमोर सूर्योदय.’

मिस्त्री उठले आणि खोली दोनमध्ये गेले. तिथे एकच खिडकी होती, पश्चिमेला, रस्त्याकडे. पूर्वेला सपाट भिंत. भिंतीवर कॅलेंडर. कॅलेंडरवर मात्र सूर्योदय होता.

त्यांनी भाचीला फोन लावला. “खोली दोन तू कधी बघितलीस?”

“नाही मामा, फोटोवरून लिहिलं. आणि खरं सांगू? ती ओळ दुसऱ्या एका कामातली आहे. चांगली होती, वाया गेली होती. काढून टाकते.”

“थांब.”

“सूर्योदय नसेल तर कशाला मामा—”

“सूर्योदय आहे,” मिस्त्री म्हणाले. “मध्ये भिंत आहे. भिंत माझी आहे.”

आता खरं काय होतं ते सांगायला हवं, कारण मिस्त्रींनी ते भाचीला सांगितलं नाही. ती पूर्वेची भिंत बांधली तेव्हा त्यांना खिडकी सोडायची होती. चौकट महाग होती आणि पावसाळा जवळ आला होता. ‘पुढे बघू’ म्हणून त्यांनी बिनखिडकीची भिंत चढवली. दुसऱ्याच्या कामात त्यांनी कधी ‘पुढे बघू’ म्हटलं नाही. स्वतःच्या घरात म्हटलं. तेव्हापासून त्या भिंतीकडे बघताना त्यांना कुणीतरी आपली चोरी पकडल्यासारखं वाटायचं. आणि आता परक्या कामातली एक उनाड ओळ येऊन नेमकी तिथेच बोट ठेवून गेली होती.

“चौदा दिवस दे,” ते म्हणाले.

“मामा, मी सूर्योदय दुसरीकडचा लावू शकते. कुणाला कळतही नाही.”

“दुसऱ्याच्या खिडकीतला सूर्य?”

भाचीने चौदा दिवस दिले. तिला वाटलं, चौदा दिवसांत मामा विसरतील.

चालू घराची भिंत फोडून खिडकी काढणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटाखालून पाट काढणं. वरचा स्लॅब त्या भिंतीवर बसलेला असतो. त्याला कळू न देता खालचं वीटकाम काढायचं, आणि भार पेलायला आडवी तुळई घालायची, तिला लिंटल म्हणतात. घाई केली की स्लॅबला कळतं, आणि मग सगळ्या गल्लीला.

मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी अंगणात दोन लिंटल ओतले. पाच फूट लांब, साडेचार इंच रुंद, आत सळई. एक सबंध न करता दोन पातळ केले, म्हणजे आधी भिंतीची बाहेरची निम्मी जाडी कोरून एक सरकवता येतो, तो पक्का झाला की आतल्या अंगाने दुसरा. त्यांवर ओली गोणपाटं टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला लागले.

बायको ओसरीतून बघायची. “माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली नव्हती.”

“तेव्हा तुझी आई होती,” मिस्त्री म्हणाले.

या चौदा दिवसांत त्यांनी उंचीचा प्रश्न सोडवला. कागदावर लिहिलं होतं, पलंगावर पडल्या पडल्या. उभं राहून नाही, बसून नाही. म्हणजे खिडकीचा खालचा काठ नेहमीसारखा तीन फुटांवर चालणार नाही. त्यांनी बायकोला पलंगावर झोपवलं, उशीवरून तिचा डोळा जमिनीपासून किती उंच येतो ते मोजलं. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली, एक टोक तिच्या डोळ्यापाशी तिच्याच हातात दिलं आणि दुसरं दारातून वळसा घालून भिंतीपलीकडे नेलं. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं, भिंत मध्ये असली तरी.

“डोळे मिटू नकोस,” त्यांनी बाहेरून सांगितलं.

“दुपारचे दोन वाजलेत आणि मला गादीवर झोपवलंय. डोळे माझं ऐकणार आहेत का?”

त्या पातळीला बाहेर खडूची खूण झाली. दुसऱ्या पहाटे मिस्त्रींनी त्या खुणेशी डोळा आणला, म्हणजे जवळजवळ उकिडवे बसले, आणि पूर्वेकडे पाहिलं. उतार होता, पलीकडे पाण्याची टाकी होती, आणि सूर्य जिथून वर यायला हवा होता तिथे बरोबर पंक्चरवाल्याच्या जुन्या टायरांची चळत होती. सूर्य टायरांमागे उगवला. आधी एका टायरच्या भोकातून दिसला, मग दुसऱ्या.

पंक्चरवाला दुकान उघडायला आला तेव्हा मिस्त्री चळतीपाशी उभेच होते.

“ही हलवायला हवी.”

“का, कुणाला लागते?”

“सूर्याला.”

पंक्चरवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मिस्त्री दारू घेत नाहीत हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याला जास्त काळजी वाटली. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “हलवतो. पण त्या कागदात माझंही नाव टाका. शेजारी पंक्चरची सोय, असं.”

“खरं आहे, टाकायला हरकत नाही,” मिस्त्री म्हणाले. भाचीच्या स्क्रिप्टमध्ये परिसर या तुकड्यात झऱ्याच्या जागी पंक्चर आलं. पाच सेकंद.

पंधराव्या दिवशी स्लॅबला आतून टेकू लागले. मुलाला बोलावणं गेलं. तो आला, टेकू बघितले, खडूने आखलेला चौकोन बघितला आणि कपाळाला हात लावला.

“बाबा, गोदामाला खिडकी लागत नाही.”

“म्हणूनच काढतोय. एक बाजू धर.”

एक लिंटल दीड पोत्याच्या वजनाचा. मुलगा रोज सिमेंटची पोती चढवायचा, पण पोतं पाठीवर घेणं वेगळं आणि लिंटल छातीशी धरून भिंतीच्या खोबणीत दोन सुतांच्या, म्हणजे पाव इंचाच्या, अंदाजाने सरकवणं वेगळं. घाम निथळला. बाप म्हणाला, “वर. अजून. आता श्वास सोडू नकोस.” लिंटल बसला. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच टेकण. वर सिमेंटचा माल घट्ट ठासला. मुलाने हात झटकले आणि भिंतीकडे बघत राहिला.

“बसला की सरळ,” तो म्हणाला. आवाजात नाइलाज होता, पण म्हणाला.

“ओळंबा लावला नाही अजून,” बाप म्हणाला.

महिन्याच्या बावीस तारखेला खिडकीला काच लागली. तेवीसला भाची कॅमेरा घेऊन आली. मामा विसरतील असं वाटलेल्या त्या पोरीने खोली दोनमध्ये पाऊल ठेवलं आणि दारातच थांबली. चार फुटांची खिडकी, खालचा काठ पलंगाइतका खाली, पलीकडे मोकळा उतार.

“मामा, मी एक ओळ लिहिली होती हो फक्त.”

“लिहिलीस ना? मग झालं.”

व्हिडिओ म्हणजे काय कष्ट असतात ते मिस्त्रींना त्या तीन पहाटांत कळलं, आणि भाचीबद्दलचं त्यांचं मत एक पायरी वर गेलं. ती साडेचारला उठायची. एकच दार ती सात वेळा उघडायला लावायची. आवाज वेगळा घ्यायची, डोक्यावर रजई घेऊन, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. मिस्त्रींना रजईखाली बसवून तिने त्यांच्याकडून ओळी वदवून घेतल्या. ते माल मागवल्यासारखे बोलायचे.

“मामा, जरा प्रेमाने. पाहुणे येणार आहेत, खडी नाही.”

“खडीशीही मी असाच बोलतो. खडी वेळेवर येते.”

पहिल्या पहाटे सूर्य आला आणि नेमक्या त्याच क्षणी मिस्त्री खिडकीत जाऊन उभे राहिले. चौकटीचा उजवा कोपरा त्यांना एक सूत बाहेर वाटत होता. कॅमेऱ्यात आली ती मिस्त्रींची पाठ, तिच्याभोवती केशरी उजेड. भाची म्हणाली, “मामा, बाजूला.” मामा बाजूला होईपर्यंत सूर्य दोन हात वर गेला होता.

“परत घेऊ,” मिस्त्री म्हणाले.

“परत उद्याच.”

उद्या ढग होते. परवा जमलं.

एकच भांडण झालं, ते खोलीच्या मापावरून. भाचीच्या कॅमेऱ्याचं भिंग असं होतं की दहा बाय बाराची खोली सोळा बाय वीसची दिसायची. मिस्त्रींनी ते पडद्यावर पाहिलं आणि टेप आणला.

“हे माप खोटं आहे.”

“सगळे असंच घेतात, मामा.”

“पाहुणा सायकल घेऊन आला पलंगाभोवती चालवायला, तर?”

शेवटी खोलीच्या दृश्यावर अक्षरं आली: दहा बाय बारा. बायकोने सुचवलं, गरम पाण्याचंही लिहा, बंबाला पंचवीस मिनिटं लागतात, डावा नळ. तेही आलं. भाची कपाळ चोळत म्हणाली, “मामी, ही जाहिरात आहे. पंचनामा नाही.”

सव्वीसला व्हिडिओ लागला. रात्रीपर्यंत पंक्चरवाल्यानेच तो अकरा वेळा बघितला होता, आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या पाच सेकंदांशी थांबवून गिऱ्हाइकांना दाखवला होता. सत्तावीसला पहिलं बुकिंग आलं, याच शनिवारचं. संध्याकाळी दुसरं, पुढच्या महिन्यातलं. दोन्ही खोली दोनची. मुलगा फोनवर म्हणाला, “अजून एक राहिलं.” तो कुठल्या बाजूने होता ते आवाजावरून कळलं नाही.

शनिवार होता एकोणतीस तारखेला. पाहुणे आले, नवरा-बायको, दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारी, दोघांच्याही डोळ्यांखाली काळं. गाडी लावण्याआधीच नवऱ्याने विचारलं, नेट आहे का. बायकोने विचारलं, आवाज येतो का कसला. मिस्त्री म्हणाले, “नऊ इंची भिंत आहे. बाहेर ढोल वाजला तरी आत टाळ्या ऐकू येतील इतकंच.” मामींनी वाढलं: भात, भाजी, अंडी, गरम पाव. परत विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा पाहुण्यांनी ताटावर हात आडवा धरला. स्क्रिप्टप्रमाणे सगळं चाललं होतं.

मिस्त्रींनी जाताना सांगितलं, “सूर्योदय सहा वाजून सहा मिनिटांनी.”

“हो हो,” नवरा म्हणाला, जसं आपण शेजाऱ्याच्या मुलाच्या मार्कांना म्हणतो.

पहाटे चारला पाठीने उठवलं. मिस्त्रींनी अंगण झाडलं, काच बाहेरून पुसली. सहा वाजता ते उताराच्या बाजूला जाऊन उभे राहिले, सूर्याची वाट बघत नाही, पाहुण्यांची. आणि त्यांनी पाहिलं: खिडकीवर आतून चादर होती. चौकटीच्या खिळ्यांना, कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली. बायकोच्या हातची धुतलेली, इस्त्रीची चादर.

दोन लिंटल, चौदा दिवसांचं पाणी, नळीने घेतलेली पातळी, आणि त्यावर चादर.

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. कामावर माणूस चुकत असेल तर सांगायचं असतं. मिस्त्री वळसा घालून गेले आणि खोली दोनच्या दारावर टकटक केली.

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला. “कोण आहे?”

“सूर्योदय.”

आत पलंग करकरला.

“झाला सुरू,” मिस्त्री म्हणाले. “लिहिल्याप्रमाणे.”

“काका, आम्ही नंतर बघतो.”

“नंतर तो वर जातो.”

“जाऊ दे,” आतून बाईचा आवाज आला. “त्याला जाऊ दे.”

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली आणि मिस्त्रींना दंडाला धरून घेऊन गेली. ओट्यापाशी बसवलं. हातात चहा दिला. मग म्हणाली, “अहो, ती माणसं झोपायला आलीत. आठवडाभर त्यांना कुणी झोपू दिलेलं नाही. आणि तुम्ही सूर्य घेऊन दारात.”

“कागदावर—”

“कागद पाहुण्यांनी लिहिला होता का?”

पाहुणे उठले साडेअकराला. नाश्त्याची वेळ दहापर्यंत आहे असं व्हिडिओत मिस्त्रींच्याच आवाजात होतं. मामींनी साडेअकराला नाश्ता वाढला आणि घड्याळाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या डोळ्यांखालचं काळं निम्मं उतरलं होतं. निघताना गाडीचा मागचा टायर बसलेला निघाला, आणि पंक्चरवाल्याने तो ज्या आनंदाने काढला तसा आनंद मिस्त्रींनी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता.

ते गेले, आणि घरात सुतक लागल्यासारखं झालं. आता ते लिहिणार. लिहिलेलं सगळे वाचणार. उद्या एकतीस तारीख. मुलगा संध्याकाळीच येऊन बसला. शेटचा टेम्पो उद्यापासून रिकामाच आहे, म्हणाला.

सकाळी भाचीने फोनवरून वाचून दाखवलं. पाचपैकी चार तारे.

‘वर्षभरात एवढी झोप झाली नव्हती. भिंती जाड आहेत, आवाज येत नाही. जेवण पोटभर, परत परत विचारतात. खोली खरंच दहा बाय बारा. पंक्चर लगेच निघालं. खोली दोनला पडदा नाही, ऊन थेट तोंडावर येतं. मालक पहाटे सूर्योदय आणून देतात, आतून कडी लावून घ्यावी.’

“चार तारे म्हणजे बरं आहे, मामा,” भाची म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, पण तिने ते फोनपासून दूर धरलं. “वाचतायत लोक. शेवटची ओळ सगळ्यात जास्त वाचतायत.”

दुपारपर्यंत काही झालं नाही. मुलगा पाय हलवत बसला होता. मिस्त्री खोली दोनमध्ये होते. त्यांनी टेप घेतला आणि पोती रचली तर खिडकी किती झाकली जाईल ते मोजलं. पूर्ण झाकली जात होती.

चारला फोन वाजला. बाई होती, हॉस्पिटलात नर्स. सलग सहा रात्रपाळ्या संपवून शुक्रवारी सकाळी सुटणार होती. तिला दुसरं काही नको होतं.

“फिरायला काय आहे ते सांगू नका,” ती म्हणाली. “मला कुठे फिरायचं नाही. दिवसा झोपायचंय. नुसतं झोपायचंय. जाड भिंतीची खोली ती दोन नंबरचीच ना? तिला पडदा नाही असं लिहिलंय. आता आहे का पडदा? अंधार होतो का?”

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं. पंधरा वर्षं मनात बोचत राहिलेली, चौदा दिवस पाणी पाजलेली, जिच्यासाठी टायर हलले ती खिडकी. दारात मुलगा येऊन उभा होता. त्याच्या मागे बायको. मुलाने पाय हलवणं थांबवलं होतं.

ज्या माणसाने गटाराला झरा म्हणू दिलं नाही, कावळ्याच्या ओरडण्याला किलबिल म्हणू दिलं नाही, आणि दहा बाय बारावर एक इंच चढू दिला नाही, तो माणूस फोनमध्ये म्हणाला, “आहे.”

“नक्की?”

“शुक्रवारी बघा. दुपारी बारा वाजता हात समोर धराल तर हात दिसणार नाही.”

बुकिंग झालं. तिसरं. मुलाने खिशातून फोन काढला आणि शेटना लावला. “नाही जमणार,” तो म्हणाला. “नाही, भाडं वाढवून पण नाही. भिंती ओल धरतात.” फोन ठेवून तो आईला म्हणाला, “चहा टाक.” मग बापाकडे बघून, “पडदा कुठेय?”

“शुक्रवारला चार दिवस आहेत,” मिस्त्री म्हणाले.

कपाटात वरच्या फळीवर एक डबा होता. त्यात मिस्त्रींच्या शेवटच्या कामाची मजुरी होती. एका तीन मजली घराचा जिना. सव्वीस पायऱ्या, एकीतही एका सुताचा फरक नाही. ती मजुरी त्यांनी खर्चली नव्हती. शेवटची आहे, म्हणून टिकणाऱ्या वस्तूत घालायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बायकोने दोन वर्षांत पंखा सुचवला, कपाट सुचवलं, एकदा दात सुचवले. प्रत्येक वेळी ते म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी ते डबा पिशवीत घालून कापडाच्या दुकानात गेले. दुकानदाराने फुलांचे दाखवले, पानांचे दाखवले, एकावर सूर्योदयही छापलेला होता. मिस्त्री प्रत्येक कापड उजेडाकडे धरून त्यातून दुकानदाराचं तोंड बघायचे. दिसलं की बाजूला. शेवटच्या कापडातून तोंड दिसलं नाही.

दांडी त्यांनी स्वतः बसवली, नळीतल्या पाण्याने दोन्ही टोकं एका पातळीत आणून. खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर लांब, म्हणजे कडेने उजेड फुटत नाही. भाचीला फोन करून त्यांनी खोली दोनची ओळ बदलून घेतली. डावीकडे: पलंग, पडदा. उजवीकडे: ‘दुपारपर्यंत अंधार. कुणी उठवत नाही.’ शेवटचे तीन शब्द बायकोने सांगितले.

पडदा काळा होता, आतून दुहेरी अस्तराचा, साडेपाच फूट उंच, सहा फूट रुंद. शिलाई आणि दांडी धरून जिन्याची सगळी मजुरी त्यात गेली.